मारकेशाची दशा, बायपासची तारीख आणि माझं एक वाक्य

अधिकमास

चौदा वर्षं पत्रिका बघतोय. पहिली आठ नोकरी सांभाळून, नंतर पूर्ण वेळ. या काळात बोललेलं एक वाक्य अजून घशात अडकून आहे, म्हणून हा धागा.

एक बाई वडिलांची पत्रिका घेऊन आल्या. वडिलांचं वय 63, हृदयाच्या तीन रक्तवाहिन्यांत अडथळे, बायपासची तारीख दहा दिवसांवर. मृत्यू हा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही. एवढंच विचारलं, "ऑपरेशनला हे दिवस बरे आहेत ना?"

कर्क लग्न. शनीची महादशा आणि त्यात रवीची अंतर्दशा नुकतीच लागलेली. जाणकारांना पुढचं सांगायला नको. कर्केला शनी सप्तमेश आणि अष्टमेश, रवी द्वितीयेश. म्हणजे मरण आणणाऱ्या एका मारकेशाच्या पोटात दुसरा. माझी पेन्सिल द्वितीय स्थानावर थांबली, आणि ती थांबलेली त्यांनी पाहिली.

मी म्हणालो, "पुढचे अकरा महिने जरा जपा. घाईने काही करू नका."

मला वाटलं, किती सांभाळून बोललो. मरणाचं नावसुद्धा काढलं नाही. घरी जाऊन त्यांनी 'घाईने काही करू नका'चा सरळ अर्थ लावला आणि ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टरांना खरं कारण सांगितलं नाही, घरात कार्य आहे म्हणाले. पाचव्या आठवड्यात पहाटे झटका आला. वडील वाचले, पण ऑपरेशन तातडीने करावं लागलं आणि हृदयाचा जोर कमी झाला तो झालाच. आता एक जिना चढताना दोनदा बसतात.

बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. फोन करून म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात अगदी तस्सं झालं हो." त्यांनी शिवी दिली असती तर परवडलं असतं.

मृत्यू, मोठं आजारपण, घटस्फोट... तुम्ही कुठे थांबता? बघणारे आणि दाखवणारे, दोघांनीही लिहा.

---

मीनराशी

काका, मनाला लावून घेऊ नका. मृत्यू सांगू नये असं शास्त्रातच आहे आणि तुम्ही तो सांगितला नाहीत. जातकाने भलता अर्थ काढला तर ज्योतिषी काय करणार? शिवाय भाकीत चुकलं कुठे? त्या काळात संकट आलंच की.

---

मघा

मीनराशी, 'शास्त्रात सांगू नये असं आहे' हे अर्धंच झालं. आयुर्दायावर अध्यायच्या अध्याय आहेत. अल्पायू, मध्यायू, दीर्घायू ठरवायच्या रीती आहेत, मारक ग्रहांचा क्रम आहे. ज्यांनी हे गणित मांडलं त्यांनी ते करण्यासाठीच मांडलं. आमच्या गुरुजींची शिस्त वेगळी होती. बघायचं सगळं, बोलायचं त्यातलं थोडं. आणि बारा वर्षांखालच्या मुलाच्या आयुष्याचं गणित करायचंच नाही, आईने हात जोडले तरी.

'भाकीत चुकलं कुठे' हे मात्र मला साफ नामंजूर आहे. अधिकमास, जरा तुमचीच पत्रिका उलटून बघू या.

कर्क लग्नाला मारकेश शनी आणि रवी. विंशोत्तरी दशांचं चक्र 120 वर्षांचं, त्यात शनीची 19 वर्षं, रवीची 6, मिळून 120 पैकी 25. प्रत्येक महादशेत सगळ्या ग्रहांच्या अंतर्दशा याच प्रमाणात येतात. त्यामुळे महादशा किंवा अंतर्दशा, कुठे ना कुठे या दोघांपैकी एक चालू आहे असा काळ मोजला तर 120 पैकी जवळजवळ 45 वर्षं भरतात. 'मारकेशाची दशा चालू आहे' हे वाक्य कर्क लग्नाच्या माणसाला आयुष्यातला तिसरा हिस्सा सांगता येतं! या गृहस्थांना राहूत शनी येऊन गेला, गुरूत शनी येऊन गेला, दोन्ही अडीच अडीच वर्षांच्या वर. तेव्हा त्यांनी बहुधा घर बांधलं असेल, मुलीचं लग्न लावलं असेल. तेव्हा कोणी पत्रिका उघडली नाही, इतकंच.

दुसरं. 63 व्या वर्षी शनीत रवी लागतो म्हणजे जन्म रवीच्या नक्षत्रावरचा, जन्मावेळी उरलेली भोग्य दशा दोनेक वर्षांची. बरोबर ना? जन्मवेळ कुठून आली होती?

---

अधिकमास

बरोबर, कृत्तिका. वेळ आजीच्या आठवणीतली, 'उजाडायच्या आधी, पाचच्या सुमारास'.

---

मघा

घ्या. या पत्रिकेत 'सुमारास' अर्ध्या तासाने चुकला तरी सगळ्या दशा दीड महिन्याने सरकतात. हे तरी किरकोळ. लाहिरी अयनांश सोडून रामन घेतलात तर आठेक महिने अलीकडे येतात. आणि दशावर्ष 365 ऐवजी 360 दिवसांचं धरणारेही आपल्यातच आहेत. त्यांच्या हिशेबाने 63 व्या वर्षापर्यंत साधारण अकरा महिन्यांचा फरक पडतो. शनीत रवी असतो केवढा? अकरा महिने बारा दिवस. म्हणजे तुम्ही ज्या अंतर्दशेला घाबरलात ती दुसऱ्या ज्योतिषाच्या टेबलावर त्याच दिवशी संपत आलेली असती.

मी श्रद्धेने हे काम करते, तीस वर्षं. पण ज्या गणिताला आख्ख्या अंतर्दशेएवढी सैल आहे त्यावर कोणाच्या ऑपरेशनची तारीख टांगायची नाही. मला याचं नीतीपेक्षा आधी हिशेबाचं कारण वाटतं.

---

शुक्रतारा

माझंही कर्क लग्न आहे आणि मला शनीची महादशा पुढच्या वर्षी लागतेय!! वरचं वाचून हातपाय गार पडले. मघाताई, माझी पत्रिका व्यनि करू का? माझी जन्मवेळ पक्की आहे.

---

मघा

शुक्रतारा, नका करू. वर मी उलटंच लिहिलंय, परत एकदा सावकाश वाचा. कर्क लग्नाच्या प्रत्येक माणसाला, पुरेसा जगला तर, शनीची एकोणीस वर्षं येणारच. आणि ती काढून माणसं पुढे बुधात जातातच.

(बघा, शंभर माणसांपुढे सहज लिहिलेल्या वाक्यानेही एक जण घाबरलाच. मलाही हा धडा.)

---

रिकामटेकडा

दोघांनी मिळून अर्धा रस्ता कापलात, उरलेला मी कापतो. जयंत नारळीकरांनी 2008 मध्ये चाचणी घेतली होती. 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच ओळखायचं होतं. बरोबर उत्तरं आली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर थोडी जास्त आली असती. जे जन्मभराचं ओळखता येत नाही ते मरणाच्या तारखेचं काय ओळखणार? 'किती सांगावं' हा प्रश्नच उद्भवत नाही. काही सांगू नये.

तरी एका बाबतीत ज्योतिष खरं ठरतं, तेही लिहितो. 1993 मध्ये लॅन्सेटमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या 28,169 चिनी वंशाच्या मृतांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. चिनी ज्योतिषात जन्मवर्षावरून शरीराचा कुठला भाग कमजोर ते ठरतं. ज्यांचं जन्मवर्ष आणि झालेला आजार यांची अशुभ जोडी जमली होती, ते तोच आजार असलेल्या इतर चिनी लोकांपेक्षा 1.3 ते 4.9 वर्षं लवकर गेले. गोऱ्या लोकांत तसा फरक दिसला नाही. परंपरेला जितकं घट्ट धरलेलं, तितकी जास्त वर्षं गेलेली. ग्रहांनी कोणाला मारलं नाही, कानावर पडलेल्या गोष्टीने आयुष्य कमी केलं.

---

वॉर्डमधली

रिकामटेकडा, तो अभ्यास मीही वाचलाय. नोंदींवरून केलेला आहे, त्यामुळे कारण नक्की काय ते त्यावरून ठाम म्हणू नका. खचलेला माणूस औषध सोडतो, तपासणीला जात नाही, तेही त्यात धरा. मी हृदयविकार विभागात परिचारिका आहे, आणि मला रोज दिसतं ते हेच दुसरं.

आमच्याकडे 'घरात कार्य आहे' हे कारण आलं की आम्ही सिस्टर एकमेकींकडे बघतो. कार्य क्वचितच असतं. अमावास्या असते, नाहीतर कोणीतरी 'जपा' म्हटलेलं असतं. पंचाईत अशी की खरं कारण समजलं तर डॉक्टर बोलू तरी शकतात. "पाच दिवस थांबता येईल, पाच आठवडे नाही" एवढं वाक्य घरच्यांना कळलं तर बहुतेक जण ऐकतात. पण ज्योतिषाचं नाव घ्यायची लाज वाटते, म्हणून ते संभाषण होतच नाही.

अधिकमास, म्हणून माझी मागणी मृत्यूविषयी नाहीच. कोणी ऑपरेशनचा दिवस विचारला तर आधी हे विचारा: "डॉक्टरांनी किती दिवस थांबायला परवानगी दिली आहे?" माहीत नसेल तर विचारून या म्हणा. त्यांनी दहा दिवस दिले असतील तर त्या दहांतला हवा तो दिवस काढून द्या, आमची काही हरकत नाही. पेशंट शांत मनाने आत येतो. एकही दिवस दिला नसेल तर मुहूर्त 'आत्ता'.

---

अधिकमास

हा प्रश्न मी विचारला असता तर त्यांनी फोन लावून माझ्यासमोरच विचारलं असतं. तशाच होत्या त्या. वहीत लिहून घेतलाय.

---

खरं_बोला

तुमचं सगळं एका बाजूने चाललंय. माझी बाजू ऐका.

बायकोला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा पसरलेला होता. डॉक्टर टक्केवारीत बोलायचे, नातेवाईक विषय बदलायचे. मी एका ज्योतिषाकडे गेलो आणि स्पष्ट विचारलं, ती राहील का? तो हसून म्हणाला, "गुरूची दृष्टी आहे, काळजी सोडा, दिवाळीनंतर सगळं मार्गी लागेल." दिवाळीच्या तीन आठवडे आधी ती गेली. तिला तिच्या बहिणीला भेटायचं होतं. मी म्हणत राहिलो, बरी झालीस की जाऊ.

घाबरवण्यावर सगळे तुटून पडता. त्या 'काळजी सोडा'चं काय? माणसाने खरं मागितलं तर खरं द्यावं. तो लहान मूल नाही.

---

वॉर्डमधली

खरं_बोला, वाईट वाटलं वाचून. तुमचा राग योग्य जागी आहे. दिलाशाचं भाकीत हेही भाकीतच. कोणी 'गुरू सांभाळेल' ऐकून केमोची पुढची फेरी चुकवतो, तेव्हा आमच्या दृष्टीने 'जपा' आणि 'काळजी सोडा' यांत काडीचा फरक नसतो.

फक्त एक. तुम्हाला हवं होतं ते खरं त्या डॉक्टरांकडे होतं, टक्केवारीत गुंडाळलेलं. "बहिणीला आत्ता भेटवू का, थांबू?" असं विचारलं असतं तर बहुतेक डॉक्टर 'आत्ता' म्हणाले असते. असा प्रश्न घडवून देणारा कोणी तुम्हाला भेटला नाही. ते काम ज्योतिषी करू शकला असता, पत्रिका न उघडता.

---

खरं_बोला

असेल. पण मला त्या वेळी तुमच्यासारखं बोलणारं माणूस वॉर्डात कोणी दिसलं नाही, हेही लिहून ठेवा.

---

मीनराशी

मग मधला मार्ग का नको? एकदम न सांगता हळूहळू, सूचकपणे सांगावं. पाश्चात्त्य ज्योतिषीही हेच म्हणतात. विल्यम लिली या इंग्रज ज्योतिषाने 1647 च्या आपल्या ग्रंथात विद्यार्थ्यांना लिहिलंय की दुःखी माणसाला कठोर निर्णयाने भिववू नकोस, कठीण असेल ते पायरी पायरीने कळू दे.

---

मघा

लिलीचं पहिलं वाक्य सोन्याचं आहे. दुसऱ्याने घोळ होतो. अधिकमासांनी 'सूचकपणे'च सांगितलं होतं ना? सूचक वाक्याचं काय होतं ते सांगते. ते बोलणाऱ्याच्या तोंडून निघतं तेव्हा मूठभर असतं. ऐकणारा घरी नेऊन त्यात स्वतःला सर्वांत जास्त ज्याची भीती आहे ते भरतो. स्पष्ट वाक्याला निदान उलट प्रश्न तरी विचारता येतो.

आणि फक्त बोलणंच नाही. पेन्सिल थांबते, चष्मा काढला जातो, 'हं...' निघतं, "यांची वेळ नक्की हीच ना?" असं दोनदा विचारलं जातं. म्हणून मी आजारी माणसाची पत्रिका समोर बसून उघडतच नाही. आदल्या दिवशी बघून ठेवते. भेटीत कागद मिटलेला असतो.

आणखी एक पक्कं. ज्या बैठकीत भीतीचं काही निघालं, त्या बैठकीत शांती, जप, खडा, काही सांगायचं नाही. मागितलं तरी नाही. जप करायचाय तर घरी बसून स्वतः करा म्हणावं, त्याला माझी गरज नाही. आधी घाबरवायचं आणि मग स्वतःच उतारा विकायचा, याला आमच्या गुरुजींकडे फार कडक शब्द होता, इथे लिहीत नाही.

---

रिकामटेकडा

हे मात्र आवडलं. मघाताई, तुमच्याशी भांडायला मजा येत नाही.

---

शुक्रतारा

मगाचं सोडा, आता नीट लिहिते. घटस्फोटाचं कोणी बोललं नाही म्हणून. माझ्या सासूबाई माझी पत्रिका मला न विचारता घेऊन गेल्या होत्या. 'सुनेच्या पत्रिकेत द्विभार्या योगासारखं काहीतरी आहे, संसार टिकायचा नाही' असं ऐकून आल्या. (बायकांच्या पत्रिकेत द्विभार्या कसा असेल हे नंतर सुचलं.) त्यानंतर आमचं साधं भांडण झालं तरी घरात 'सांगितलंच होतं' हे नजरेत असायचं. चार वर्षांनी आम्ही वेगळे झालो. योग होता म्हणून की त्या नजरेमुळे, मला आजही सांगता येत नाही.

---

मघा

न आलेल्या माणसाची पत्रिका. यावर खरं तर वेगळा धागा हवा. मी सज्ञान माणसाची पत्रिका त्याच्या माघारी बघत नाही. "नवरा मला सोडेल का" याला त्याची पत्रिका लागत नाही. समोर बसलेल्या बाईला काय सोसतंय ते विचारावं लागतं. मारहाण होत असेल तर सप्तमेशाची चर्चा करणं हाच गुन्हा. तिथे सुरक्षित जागा आणि वकील ही दोनच उत्तरं.

---

अधिकमास

मग आजारी वडिलांचं काय, मघाताई? ते तर येऊच शकत नाहीत. मुलगी आणते.

---

मघा

तिथे माझाही नियम मोडतो. मान्य. मुलीची पत्रिका बघते, वडिलांची नाही, असं सांगून वेळ निभावते. पण मुलीच्या पत्रिकेतलं वडिलांचं नवम स्थान माझे डोळे बघतातच. याचं चोख उत्तर माझ्याकडे नाही.

आणि एक राहिलं, महत्त्वाचं. कोणी स्वतःच्याच मृत्यूविषयी विचारलं तर? तरुण मुलगा, तब्येत ठणठणीत, आणि प्रश्न "माझं आयुष्य किती आहे?" पूर्वी मी हसून म्हणायचे, "भरपूर आहे रे." एकदा एक जण त्यावर म्हणाला, "अजून भरपूर?" आणि खांदे पाडून बसला. मी कागद बाजूला सारला आणि सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार मनात येतो का? तो रडायला लागला. हे विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, अशी मलाही भीती होती. तसं होत नाही. त्याच्या भावाला बोलावलं, भाऊ येईपर्यंत त्याला एकटं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी भावाने मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. त्याची पत्रिका मी आजतागायत पाहिलेली नाही.

---

अधिकमास

तीन दिवस विचार करून भेटीची वेळ देताना पाठवायचा मजकूर बदललाय. जसाच्या तसा देतो:

"आयुष्य किती, अमुक माणूस वाचेल का, आजार कोणता, या प्रश्नांची उत्तरं मी देत नाही. माझ्या गणितात तेवढी अचूकता नाही. उपचार सुरू करणं, थांबवणं, पुढे ढकलणं डॉक्टरांना विचारूनच. दिवस काढून हवा असेल तर किती दिवस थांबता येईल ते डॉक्टरांकडून आधी विचारून या."

---

मीनराशी

काका, हे वाचून अर्धे लोक येणारच नाहीत.

---

अधिकमास

गेल्या आठवड्यात तिघांनी भेट रद्द केली. बरोबर आहे तुमचं.

---

खरं_बोला

'माझ्या गणितात तेवढी अचूकता नाही' हे छान. पण मग लग्न, नोकरी, परदेशगमन यांचं गणित तेच ना? तिथे अचूकता कुठून येते?

---

रिकामटेकडा

खरं_बोला, आज चहा माझ्याकडून.

---

अधिकमास

कालपासून मीही याच प्रश्नावर अडलोय. नोकरीचं चुकलं तर माणूस दुसरी बघतो, असं स्वतःला सांगतो. पुरत नाही, कळतंय.

त्या बाईंना फोन केला. म्हटलं, तुमचे वडील आजारी पडले ते दशेमुळे नाही, उशीर झाल्यामुळे, आणि उशीर माझ्या बोलण्यामुळे झाला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "असं कसं म्हणता? तुम्ही तर बरोबर सांगितलं होतंत." दोनदा समजावलं. पटलं नाही. फोन ठेवता ठेवता विचारलं, "आता रवी संपला ना हो?"